लेखाची मुलाखत कशी करायची: प्रश्न ठळक, आणि उत्तरं त्या माणसाचीच

आमच्या वाडीच्या वाचनालयाचा दरवर्षी एक छोटा अंक निघतो आणि त्यात गावातल्या एखाद्या माणसावर लेख असतोच. गेल्या खेपेला रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, आयुष्य काढलेल्या एका काकांवरचा लेख आला, चांगला होता पण पाच पानं सलग मजकूर, मग कोणीतरी म्हणालं याची प्रश्नोत्तरं करा, लोक पटापट वाचतील. मी म्हटलं, त्यात काय, एका संध्याकाळचं काम! मधेमधे प्रश्न टाकले, "ते" काढून "मी" घातलं, झालं. अंक वाटला आणि दोन दिवसांनी काकांना बंदरावर सगळे चिडवत होते की काय रे, स्वतःचीच आरती ओवाळून घेतलंस. कारण लेखकाने लिहिलं होतं "कष्टाळू आणि मनमिळाऊ स्वभावाचे काका", आणि मी ते करून ठेवलं होतं "मी कष्टाळू आणि मनमिळाऊ आहे". काका मला एवढंच म्हणाले, "ह्या मी कधी बोललंय?" आणि खरंच ते तसं कधीच बोलले नव्हते.

तेव्हापासून मी हे काम कसं करतो ते सांगतो. उदाहरण त्याच लेखातलं घेतो, एकच परिच्छेद:

"मालवण तालुक्यातील एका वाडीत राहणारे काका आज 68 वर्षांचे आहेत. सातवीनंतर त्यांनी शाळा सोडली व ते वडिलांसोबत रापणीवर जाऊ लागले. कष्टाळू आणि मनमिळाऊ स्वभावाचे काका समुद्राच्या पाण्याचा रंग पाहूनच मासळी कुठे आहे हे ओळखतात. आपण कधी कुणाचा वाटा बुडवला नाही, असे ते अभिमानाने सांगतात. वाडीतील तरुण त्यांना रापणीचे चालतेबोलते पुस्तक म्हणतात. आता रापण ओढायला माणसे मिळत नाहीत, अशी खंत ते व्यक्त करतात."

आधी रंग, मग प्रश्न

लेखाची प्रिंट काढा आणि तीन रंगांची पेनं घ्या. जे त्या माणसाने स्वतः सांगितलंय ते हिरवं. त्याच्या आयुष्यातली साधी माहिती, म्हणजे वय, गाव, शिक्षण, ते निळं. आणि लेखकाचं मत, कौतुक, दुसऱ्या कोणी त्याच्याबद्दल म्हटलेलं, हे सगळं लाल. उत्तरात फक्त हिरवं जातं. निळं शक्यतो प्रस्तावनेत किंवा प्रश्नात जातं. लाल उत्तरात कधीच जात नाही, ते प्रस्तावनेत लेखकाच्या तोंडी राहू दे नाहीतर काढून टाका.

वरच्या परिच्छेदात हिरवं किती निघतं बघा. वाटा बुडवला नाही हे वाक्य, आणि माणसं मिळत नाहीत हे. बस. पाण्याच्या रंगाचं वाक्य हिरवं वाटतं पण नाही, ते लेखकाने काकांबद्दल लिहिलंय, काकांनी सांगितलं असेलही, पण कसं सांगितलं ते कागदावर कुठेच नाही. नेमकं तेच वाक्य वाचकाला सगळ्यात जास्त वाचायचं असतं! अशा वाक्यापुढे मी पेन्सिलीने फुली मारतो, म्हणजे इथे मला परत विचारायचंय. लेखकाकडे रेकॉर्डिंग किंवा वही असेल तर आधी ती मागा, निम्म्या फुल्या तिथेच सुटतात. नसेल तर फोन करा. आपल्या मनाने दोन वाक्यं जोडून उत्तर "भरून काढायचं" नाही, कारण मुलाखतीत छापलं की ते त्या माणसाचं बोलणं होतं, आणि गावात त्याला ते निस्तरावं लागतं, आपल्याला नाही.

मी फोन केला तेव्हा काका म्हणाले की बांगड्याचा मोठा थवा आला की त्या जागेवर पाणी काळसर दिसतं आणि वर पाखरं घिरट्या घालायला लागतात, पण ढगाची सावली पण तशीच दिसते म्हणून घाई करायची नाही, सावली ढगाबरोबर सरकत जाते. हे लेखात कुठेच नव्हतं. एका फोनने अख्खं उत्तर मिळालं.

उत्तरावरून प्रश्न काढायचा

खऱ्या मुलाखतीत आधी प्रश्न असतो, इथे उलटं, उत्तर आधीच हातात आहे. हिरव्या मजकुराचे गठ्ठे करा, एका विषयाचा एक गठ्ठा, आणि प्रत्येक गठ्ठ्याला विचारा की काय विचारलं असतं म्हणून माणूस हे बोलला असता? हजारेक शब्दांच्या लेखात माझे साधारण आठ ते दहा प्रश्न होतात, त्याहून जास्त झाले की उत्तरं दोन दोन ओळींची होतात आणि पोलीस चौकशी वाटायला लागते.

प्रश्नात उत्तर सांडू द्यायचं नाही हे मला फार उशिरा कळलं. "तुम्ही कधी कुणाचा वाटा बुडवला नाही, हे खरं का?" असं विचारलं की काकांना "हो" सोडून बोलायला काही उरत नाही. त्याऐवजी "मासळीचे वाटे कसे करता?" असं विचारलं की ते आपोआप सगळं सांगतात. उलट, निळी माहिती मात्र खुशाल प्रश्नात घाला, कारण "माझं वय 68 असून माझं शिक्षण सातवीपर्यंत झालं आहे" असं कोण बोलतं, नोकरीचा अर्ज आहे का तो? "सातवीनंतर शाळा सुटली ती कशी?" एवढ्यात शिक्षण कळलं आणि गोष्ट पण सुरू झाली.

क्रम पण लेखाचाच ठेवायला पाहिजे असं काही नाही. लेख जन्मापासून सुरू होतो, मुलाखत पाण्याच्या रंगापासून सुरू करा, शाळा मागाहून येऊ दे.

"ते" चं "मी" करताना

इथे बहुतेक लोक फाइंड-रिप्लेस करतात आणि फसतात. मराठीतला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे "आपण". लेखात "आपण कधी वाटा बुडवला नाही, असे ते सांगतात" यात आपण म्हणजे काका स्वतः. "असे ते सांगतात" काढलं आणि "आपण" तसंच राहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की काका, आपण सगळे, अख्खी वाडी. तिथे "मी" च करायचं. दुसरं म्हणजे लेखी क्रियापदं. "जात असत" चं "जायचो", बाई असेल तर "जायचे". "खंत व्यक्त करतात", "अभिमानाने सांगतात" हे शेपूट सरळ कापायचं, खंत असेल तर ती बोलण्यात दिसेल. "वडिलांसोबत" चं काका जे म्हणतात ते, बाबा, बापूस, जे काही असेल ते, विचारून घ्या.

आणि मालवणीचं काय? बोलणं मालवणीत झालं असेल आणि तुम्हाला ती नीट येत असेल तर ठेवा. येत नसेल तर सगळी उत्तरं साध्या मराठीत आणि त्याचे दोन-चार शब्द जसेच्या तसे. अर्धवट मालवणी लिहून माणसाला नाटकातलं पात्र करू नका, आमच्याकडे लोक लगेच ओळखतात.

तर वरच्या परिच्छेदाचं शेवटी हे झालं:

पाण्याकडे बघून मासळी कुठे आहे ते कसं कळतं?

बांगड्याचा मोठा थवा असला की तेवढंच पाणी काळसर दिसतं, वर पाखरं फिरतात. पण ढगाची सावली पण तशीच दिसते. सावली ढगाबरोबर सरकते, म्हणून जरा थांबायचं, घाई केली की फुकट जाळं मारायचं.

सातवीनंतर शाळा सुटली ती कशी?

सुटली कसली, बाबांबरोबर रापणीवर जायला लागलो. होडीतून जाळं गोल टाकत न्यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, त्याला माणसं लागतात. लहान असलो तरी दोराला हात लागायचाच.

मासळीचे वाटे कसे करता?

ओढायला आला त्याला वाटो. मी कधी कुणाचा बुडवला नाही.

आणि आता?

आता ओढायलाच माणसं मिळत नाहीत.

दुसऱ्या उत्तरातलं दोराचं बोलणं पण त्याच फोनवर मिळालेलं आहे. आणि "चालतंबोलतं पुस्तक" प्रस्तावनेत गेलं, "वाडीतली पोरं म्हणतात" असं म्हणून. प्रस्तावना पाच-सहा ओळींची पुरते. तिच्या शेवटी एक ओळ लिहा की ही प्रश्नोत्तरं अमुक लेखावरून आणि नंतरच्या बोलण्यावरून मांडली आहेत. मूळ लेखकाचं नाव पण तिथेच, त्याला आधी विचारून. माणूस हयात नसेल तर मी हा प्रकार करतच नाही, लेख लेखच राहू देतो, कारण फुल्या सोडवायला कोणी नसतं.

ठळक करताना

फक्त प्रश्न ठळक, उत्तर साधं, आणि प्रश्नचिन्ह पण ठळकमध्येच. "प्रश्न:" "उत्तर:" लिहायची मग गरज नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना चांदणी, अक्षराला चिकटून, मधे स्पेस पडली की ठळक होत नाही:

```
*मासळीचे वाटे कसे करता?*
```

वर्डमध्ये दर वेळी Ctrl+B दाबण्यापेक्षा प्रश्नांची एक वेगळी स्टाइल बनवा, आणि तिच्या Paragraph मध्ये Line and Page Breaks खाली Keep with next वर टिक करा. नाहीतर प्रश्न पानाच्या तळाला एकटा राहतो आणि उत्तर पुढच्या पानावर, आमच्या अंकात तीन ठिकाणी झालं होतं.

फॉन्ट बघून घ्या. ज्या फॉन्टला स्वतःचं बोल्ड नसतं त्यात प्रोग्राम अक्षरं नुसती जाड करतो आणि मग "ष्ट", "क्ष", "द्ध" असली जोडाक्षरं छपाईत गिचमिड होतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीला खरं बोल्ड आहे, ते वापरा आणि एक पान छापून बघा, स्क्रीनवर कळत नाही.

वाचून दाखवायचं

पाठवून "बघा हो" म्हणू नका, समोर बसून मोठ्याने वाचा. माणूस कुठे थांबवतो त्याकडे लक्ष द्या. ह्या वेळी काकांनी मला एकाच ठिकाणी थांबवलं. मी वाट्याच्या उत्तरात "वाटा" लिहिलं होतं. म्हणाले, "वाटो लिही. वाटा म्हटल्यार म्हाका कोणतरी कोर्टात गेलेलो वाटता." मग बायकोला हाक मारली आणि तेच उत्तर तिच्यासाठी परत वाचायला लावलं.