बागेच्या व्हॉल्व्हचा क्रम: झोन बदलताना पंपाचा दाब कसा टिकवावा

बागेतील सगळे व्हॉल्व्ह एकत्र उघडले की तुषार मरतात आणि मग बहुतेक जण मोठा पंप घ्यायचा सल्ला देतात. मी स्वतः त्या सल्ल्याने पंप बदलला होता आणि तक्रार तशीच राहिली, कारण दोष पंपात नव्हता, झोन म्हणजे एकाच वेळी पाणी घेणारे बागेचे भाग बदलण्याच्या पद्धतीत होता. पंप, प्रेशर टाकी, प्रेशर स्विच, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि कंट्रोलर जोडून झाले आहेत असे येथे धरले आहे.

सुरुवात मोजमापाने करावी. नळी मोकळी सोडून बादली भरण्यात अर्थ नाही, कारण तो प्रवाह दाबाशिवायचा असतो. पंपानंतर प्रेशर गेज लावावा, पुढची तोटी हळूहळू आवळून गेज २.५ बारवर स्थिर करावा आणि त्या स्थितीत बादली भरायला लागणारा वेळ मोजावा. माझ्याकडे २० लिटरची बादली ३० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला ४० लिटर. यातले ८० टक्के, म्हणजे ३२ लिटर, ही मी कोणत्याही झोनची वरची मर्यादा मानतो. उरलेला भाग नळीतील घर्षण आणि तुंबत चाललेला फिल्टर यांच्यासाठी राखून ठेवावा.

खालची मर्यादाही असते आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. झोन फारच कमी पाणी घेत असेल तर टाकी भरते, पंप बंद होतो, काही क्षणांत पुन्हा सुरू होतो आणि गेजचा काटा सतत वर-खाली होत राहतो. माझ्या बागेत पुढच्या हिरवळीला मिनिटाला ३० लिटर लागतात, मागच्या हिरवळीला २४ आणि भाज्यांच्या सूक्ष्म तुषारांना १८. कुंपणावर ताशी ४ लिटरचे १८० ड्रिपर आहेत, म्हणजे १२ लिटर. कुंड्यांना ९० आहेत, म्हणजे ६ लिटर. शेवटचे दोन व्हॉल्व्ह मी एकत्र उघडतो, त्यामुळे तोही झोन १८ लिटरचा होतो आणि पंपाची उघडझाप थांबते. ठिबकच्या आधी दाब कमी करणारा रेग्युलेटर मात्र हवाच.

क्रम मोठ्या प्रवाहाकडून लहानाकडे ठेवावा: ३०, २४, १८, १८.

आता एक झोन बंद करणे आणि पुढचा उघडणे यांमधल्या विरामाविषयी, कारण माझी खरी फसगत येथेच झाली. सोलेनॉइड व्हॉल्व्हची वीज बंद झाली म्हणजे पाणी तत्क्षणी थांबत नाही. आतल्या रबरी पडद्यामागची पोकळी एका बारीक छिद्रातून पाण्याने भरते आणि त्या पाण्याच्या दाबाने पडदा बसतो, म्हणजे व्हॉल्व्ह बंद व्हायलाच दाब लागतो. मी विराम शून्य ठेवला होता. त्यामुळे पहिला झोन बंद होत असतानाच दुसरा उघडे, दाब कोसळे आणि पहिल्याचा पडदा अर्धवट अडकून राही. याची खूण ओळखता येते: बदलानंतर मिनिटभराने जुन्या झोनचे तुषार गळतच असतील आणि गेज नेहमीच्या आकड्यावर परत येत नसेल, तर दोन्ही झोन एकाच वेळी पाणी घेत आहेत.

म्हणून प्रत्येक व्हॉल्व्ह कंट्रोलरवरून स्वतः बंद करून, आज्ञा दिल्यापासून गेजचा काटा चढून स्थिर होईपर्यंतचे सेकंद मोजावेत. माझा सर्वांत मंद व्हॉल्व्ह ७ सेकंद घेतो, म्हणून सर्व झोनमध्ये १० सेकंदांचा विराम ठेवला आहे. या काळात पंपाची वीज तोडू नये. पंप व्हॉल्व्हबरोबरच थांबवला तर पडदा बसवायला लागणारा दाब कमी पडतो आणि पुढच्या सुरुवातीला जुना झोन पुन्हा काही क्षण वाहतो. दाब वाढला की प्रेशर स्विच पंप आपोआप थांबवेल आणि तोपर्यंतचे जास्तीचे पाणी टाकी सामावून घेईल.

‘सुरक्षिततेसाठी एक मिनिट विराम ठेवा’ हा सल्ला मी ठामपणे नाकारतो. प्रेशर स्विच नसलेला, कंट्रोलरच्या रिलेवर चालणारा अपकेंद्री पंप बंद तोंडावर, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह बंद असताना, १० सेकंद फिरला तर सहसा बिघडत नाही. पण दर बदलाला मिनिटभर फिरला की आतले पाणी तापू लागते आणि सीलवर ताण येतो. कंट्रोलर मिनिटाहून लहान विराम देतच नसेल, तर व्हॉल्व्हनंतर १० सेकंदांनी पंप बंद करणारा टायमर रिलेला जोडावा. बंद तोंडावर पंपाचा दाब किती चढतो तेही गेजवर एकदा पाहावे. तो नळीवर छापलेल्या दाबाच्या वर जात असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय विराम सुरू करू नये.

शेवटी पूर्ण फेरी प्रत्येक झोनला दोन मिनिटे देऊन चालवावी आणि गेजजवळ उभे राहून प्रत्येक बदलानंतरचा स्थिर आकडा लिहून ठेवावा. महिनाभराने तोच झोन कमी दाब दाखवू लागला, तर आधी फिल्टर उघडून पाहावा.