मतलेखाची विश्वकोशीय नोंद कशी करावी: कोयना भूकंपाचे उदाहरण

वर्तमानपत्रातला तडफदार लेख हातात असतो, त्यात माहितीही बरीच असते, आणि त्यावरून ज्ञानकोशासाठी नोंद लिहायची असते. बहुतेक जण अशा वेळी विशेषणे खोडतात, उद्गारचिन्हे काढतात आणि काम झाले असे समजतात. त्यात दोन गोष्टी बिघडतात. लेखकाचा कल वाक्यांच्या क्रमात आणि क्रियापदांत तसाच राहतो, आणि विशेषणांबरोबर त्यांच्यात दडलेली तथ्येही कचऱ्यात जातात. हे टाळायचे तर काम खोडण्यापासून सुरू करता येत नाही, मोजण्यापासून करावे लागते.

1967 च्या कोयना भूकंपावरचा एक उतारा घेऊ. तो मी नमुना म्हणून रचला आहे, पण या धाटणीचे लिखाण आपण सगळ्यांनी वाचलेले आहे:

«निसर्गाशी खेळ केला की तो सूड घेतोच! 1967 च्या त्या काळरात्री कोयनेच्या धरणाने शेकडो निष्पाप जीव गाढ झोपेत गिळले. जिथे जमीन कधीच हलली नव्हती, तिथे पाणी अडवताच ती हादरू लागली. सप्टेंबरात मोठा इशारा मिळूनही सरकार झोपलेच होते. धरणालाही तडे गेले, तरी ते भक्कम असल्याचे आपल्याला सांगितले जाते. वीज शहरांना, आणि विस्थापित मात्र वाऱ्यावर. आणखी किती बळी गेल्यावर आपण जागे होणार?»

आधी विधाने सुटी करा

लेख बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर त्यातले प्रत्येक विधान वेगळ्या ओळीत, साध्या शब्दांत लिहा. एका वाक्यातून तीन-तीन ओळी निघतील. «गाढ झोपेत गिळले» हे नुसते अलंकारिक वाटते, पण त्यात वेळेची माहिती आहे: भूकंप लोक झोपेत असताना झाला. ही ओळ लिहून घेतली नाही तर «काळरात्री» आणि «गाढ झोपेत» खोडताना वेळ कायमची हरवेल. शेवटच्या प्रश्नातून मात्र एकही तथ्य निघत नाही. ते आवाहन आहे, ते सोडून द्या. पण प्रत्येक प्रश्न असा पोकळ असेल असे धरून चालू नका. «तडे गेले होते की नाही?» असा प्रश्न असता, तर त्यात विधान असते.

आमच्या उताऱ्यातून इतके हाती लागते: भूकंप 1967 मध्ये रात्री झाला, बरीच माणसे दगावली, तो धरणामुळे झाला, तिथे पूर्वी भूकंप होत नव्हते, पाणी साठल्यावर धक्के सुरू झाले, सप्टेंबरात मोठा धक्का बसला होता, सरकारने दुर्लक्ष केले, धरणाला तडे गेले, धरण भक्कम असल्याचे कोणीतरी सांगते, वीज शहरांना जाते, विस्थापितांना न्याय मिळाला नाही. लेखात भावना ठासून भरलेली असली तरी तपासता येण्याजोगी विधाने दहाच्या वर आहेत. ही यादी जपून ठेवा, शेवटी ती पुन्हा लागेल.

मग प्रत्येक विधान धारदार करा

मतलेखाला «शेकडो» पुरते, नोंदीला पुरत नाही. स्वतंत्र संदर्भ काढून तारीख, वेळ आणि आकडे भरा. भूकंप 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झाला. काही परदेशी सूचींत 10 डिसेंबर दिसेल, पण ती चूक नाही. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने तेव्हा जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशीचे रात्रीचे 10 वाजून 51 मिनिटे झाली होती. नोंदीत भारतीय वेळ द्यावी आणि ती भारतीय असल्याचे लिहावे.

मृतांचा आकडा कुठे 177, कुठे 180, तर कुठे सुमारे 200 असा सापडतो. आपल्याला सोयीचा आकडा उचलणे हाही कलच झाला. मधली सरासरी काढणे त्याहून वाईट, कारण तो आकडा कोणीच दिलेला नसतो. «177 ते सुमारे 200» असे लिहिले की मतभेद आहे तसा वाचकापुढे येतो. तीव्रतेचेही तसेच, 6.3 पासून 6.6 पर्यंत आकडे आढळतात.

«कधीच हलली नव्हती» हे विधान अधिक काळजीने हाताळावे लागते. दख्खनचा हा भाग त्या काळी भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानला जात होता, इतके ठामपणे म्हणता येते. पण धरणापूर्वी त्या खोऱ्यात भूकंपमापकांचे जाळे नव्हते, म्हणून बारीक धक्के झालेच नाहीत असे सिद्ध करणे अवघड आहे. «कधीच» काढा आणि «स्थिर मानला जात होता» लिहा. विधान थोडे आखडते, पण टिकते.

कारणाचे वाक्य: इथेच खरी कसोटी

«धरणाने जीव गिळले» या वाक्याचे काय करायचे, यावर सगळी नोंद उभी किंवा आडवी होते. घाबरलेला संपादक ते पूर्ण काढून टाकतो, नाहीतर «भूकंपाच्या कारणाबाबत मतमतांतरे आहेत» असे लिहून मोकळा होतो. माझ्या मते हे दुसरे वाक्य मूळ लेखापेक्षा जास्त दिशाभूल करते. लेख निदान एक बाजू सांगतो. हे वाक्य मात्र दोन्ही पारडी सारखीच जड आहेत असे भासवते, आणि ती तशी नाहीत.

भूकंपशास्त्रात कोयना हे जलाशयाने चालना दिलेल्या भूकंपाचे जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. धरणात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागल्यावर धक्के जाणवू लागले. पुढे पाण्याची पातळी आणि धक्के यांचा संबंध अभ्यासकांनी अनेक वर्षे तपासला. कोयनेच्या दक्षिणेला वारणेचा जलाशय 1980 च्या दशकात भरू लागल्यावर त्या बाजूलाही भूकंप वाढल्याचे नोंदले गेले. यामागची समजूत अशी: खडकात ताण आधीपासून साठलेला असतो. जलाशयाच्या पाण्याचे वजन आणि भेगांमधून खोल झिरपलेल्या पाण्याचा दाब यांमुळे भेगेच्या दोन बाजूंच्या खडकांमधील घर्षणाचा रोध कमी होतो आणि ताण मोकळा होतो.

म्हणजे धरणाने भूकंपाची ऊर्जा निर्माण केली नाही, चालना दिली. «धरणाने घडवला» हे वाक्य त्यामुळे जास्त बोलते आणि «मतमतांतरे आहेत» हे फार कमी बोलते. नोंदीत दोन वाक्ये येतील: जलाशयातील पाण्याने या भूकंपाला चालना दिली असे बहुसंख्य भूकंपशास्त्रज्ञ मानतात, आणि त्यासाठी लागणारा ताण खडकात आधीच होता. «काहींच्या मते» असे कुठेही नको. ते «काही» कोण आणि किती हे सांगता येत नसेल, तर ते वाक्य लेखकाचे स्वतःचेच मत असते, फक्त बुरखा घातलेले.

निवाडे: कोणाचे, कशावरून

«सरकार झोपलेच होते» हा निवाडा आहे. त्याखाली तथ्य आहे का, ते खणून पाहा. 13 सप्टेंबर 1967 रोजी तिथे 5 पेक्षा अधिक तीव्रतेचा धक्का बसला होता, ही तपासता येणारी गोष्ट नोंदीत जाते. त्यानंतर कोणी लेखी इशारा दिला होता का, कोणत्या खात्याला आणि केव्हा, हे कागदोपत्री मिळाले तर त्या नावानिशी लिहा. मिळाले नाही तर «दुर्लक्ष» बाहेर ठेवा. मूळ मतलेखाला स्वतःच्याच निवाड्याचा पुरावा म्हणून उभे करता येत नाही. लेखक स्वतः या विषयातला जाणकार असेल, तर त्याच्या नावाने त्याचे मत देता येते, तेही मत म्हणूनच.

«भक्कम असल्याचे सांगितले जाते» यात संशय क्रियापदातून शिरतो. त्याऐवजी घडलेले लिहा: धरणाच्या काही खंडांना आडवे तडे गेले, धरण फुटले नाही, नंतर त्याचे मजबुतीकरण झाले. यातली शेवटची दोन तथ्ये मूळ लेखात नाहीत. ती का भरायची? तडे गेल्याचे वाचल्यावर वाचकाच्या मनात पुढचा प्रश्न हाच येतो, आणि उत्तर गाळणे म्हणजे लेखकाचा कल पुढे चालवणे.

वीज आणि विस्थापित ही दोन विधाने खोटी म्हणून नव्हे, तर जागा चुकल्यामुळे इथून निघतात. ती कोयना प्रकल्पाच्या नोंदीत जायला हवीत. यादीत त्यांच्यापुढे तसे लिहून ठेवा, म्हणजे ती गहाळ होत नाहीत.

बारीक शब्द आणि क्रम

मराठीत कल बहुतेक वेळा एका अक्षरात मावतो. «केवळ 177» आणि «तब्बल 177» यांत आकडा एकच, पण बाजू दोन. «मात्र», «चक्क», «म्हणे», «-च» हे शोधून शोधून पाहा. क्रियापदेही तपासा: «दावा केला» अविश्वास दाखवते, «कबूल केले» गुन्हा गृहीत धरते, «स्पष्ट केले» बोलणाऱ्याला आधीच खरे ठरवते. «म्हटले» यांतले काही करत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा वापरायला लाजू नका. उलट बाजूला सरकारी कर्मणी प्रयोगाचा खड्डा आहे. «लोकांना हलवण्यात आले» हे तटस्थ वाटते, पण कोणी हलवले हे गिळून टाकते. कर्ता ठाऊक असेल तर तो लिहा.

क्रम लेखाचा ठेवू नका. लेख भावनेकडे चढत जातो, नोंद व्याख्येने सुरू होते. आता सगळे जोडून पाहू:

«कोयना भूकंप हा 11 डिसेंबर 1967 रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे 4.21 वाजता महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्यात झालेला भूकंप होय. त्याची तीव्रता 6.3 ते 6.6 आणि मृतांची संख्या 177 ते सुमारे 200 अशी नोंदली गेली आहे. कोयनानगर परिसरात घरांची मोठी हानी झाली. कोयना धरणाच्या काही खंडांना आडवे तडे गेले, पण धरण फुटले नाही. नंतर त्याचे मजबुतीकरण झाले. हा प्रदेश पूर्वी भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानला जात होता. धरणात पाणी साठू लागल्यानंतर तेथे धक्के जाणवू लागले आणि 13 सप्टेंबर 1967 रोजी 5 पेक्षा अधिक तीव्रतेचा धक्का बसला. जलाशयातील पाण्याने या भूकंपाला चालना दिली असे बहुसंख्य भूकंपशास्त्रज्ञ मानतात. त्यासाठी लागणारा ताण खडकात आधीपासून होता.»

आता सुरुवातीची यादी काढा आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा: नोंदीत आली, दुसऱ्या नोंदीत गेली, पुरावा मिळाला नाही, किंवा नुसते आवाहन होते. खुणेविना एकही ओळ राहिली तर काहीतरी सांडले आहे. मग मसुदा दोघांना द्या, एक धरणाचा विरोधक आणि एक प्रकल्पावर काम केलेला. आवडला का, हे विचारू नका. कोणते वाक्य चुकीचे आहे तेवढेच विचारा. विरोधक म्हणेल, «सरकारचे दुर्लक्ष कुठे गेले?» तेव्हा त्याच्याकडे कागद मागा. तो मिळाला तर सप्टेंबरच्या धक्क्याच्या वाक्यापुढे त्याची जागा राखलेली आहे.