मागवलेला माल धरूनच साठ्याची सूचना लावा

खानापूरच्या पशुखाद्याच्या दुकानात सरकी पेंडीची रोज सरासरी ८ पोती खपत असतील आणि बेळगावहून माल यायला ४ दिवस लागत असतील, तर ३२ पोत्यांवर पुनर्मागणीची सूचना लावण्याचा मोह होतो; पण तेवढ्यावर, एक दिवस जरी गाडी अडली, तरी गिऱ्हाईक परत जाते. खप १० पोत्यांपर्यंत चढतो आणि पावसाळ्यात गाडी ६ दिवस लावते, हे धरले तर सुरक्षित पातळी ६० येते.

खरी अडचण पुढे आहे. साठा ५५ झाला, १०० पोती मागवली, तरी माल पोहोचेपर्यंत सूचना रोज येत राहते. मग कोणी ती पाहणेच सोडतो किंवा दुसरा माणूस पुन्हा मागणी नोंदवतो. म्हणून तक्त्यात B मध्ये विकण्याजोगा साठा (भिजलेली पोती वगळून), C मध्ये मागवलेला पण न आलेला माल आणि D मध्ये वरची सुरक्षित पातळी ठेवून हे सूत्र लिहावे:

```
=IF(B2+C2<=D2,"मागवा","")
```

माल उतरताच B वाढवताना C तेवढाच कमी केला पाहिजे. तो राहिला, तर गोदाम रिकामे होत आले तरी सूचना येत नाही. त्यामुळे C मध्ये आकडा असूनही पोहोचण्याची तारीख उलटलेल्या ओळी दर सोमवारी तपासून पुरवठादाराला फोन करावा.