बॅलन्सिंग तीनदा केलं, तरी स्टेअरिंग थरथरतंय? हब रिंग आणि स्पेसरच्या या चुका टाळा

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं छोटं शेड आहे. गाड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही. पण मॅगव्हीलच्या रिंगा टर्न करून घ्यायला लोक येतात, आणि येताना बहुतेक वेळा एकच तक्रार घेऊन येतात. यंदा तीच तक्रार घरातूनच आली. भाच्यानं त्याच्या स्विफ्टला जुनी १५ इंची मॅगव्हील बसवली. गावात गाडी लोण्यासारखी चालायची. तावडे हॉटेलपासून हायवेला लागलं आणि काटा ८५ च्या पुढं गेला की स्टेअरिंग थरथरायला लागायचं, ते कागलपर्यंत थांबायचं नाही. टायरवाल्याकडं तीनदा बॅलन्सिंग झालं होतं.

"मामा, मशीनवर चारी चाकं झिरो दाखवतात. मग हलतंय काय?"

झिरो खरंच होता. पण बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक शंकूच्या आकाराच्या कोनवर चढतं, आणि कोन धरतो चाकाच्या मधल्या भोकाला, म्हणजे बोअरला. मशीनपुरता चाकाचा मध्य म्हणजे त्या बोअरचा मध्य. गाडीवर ते चाक नेमकं कशाला धरून बसलंय, हे मशीनला कळायचं काही कारण नाही. कंपनीच्या चाकाचा बोअर हबच्या पुढं आलेल्या गोल कॉलरवर अलगद बसतो. बाजारातल्या मॅगव्हीलचा बोअर मात्र अनेक गाड्यांना चालावा म्हणून मोठा ठेवलेला असतो. त्यात ७३.१ मिलिमीटर हे माप नेहमीचं. स्विफ्टच्या हबचं माप ५४.१. मधली १९ मिलिमीटरची पोकळी भरायला रिंग लागते.

भाच्याच्या चाकांत रिंगा होत्या, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. मी एक काढून व्हर्नियर लावला. बाहेरून ७३ आणि आतून ५६.१ भरली. म्हणजे रिंग होंडा सिटीची. दोन्ही गाड्यांचा पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचं माप, ४×१०० असल्यामुळं चाकं सरळ बसतात आणि विकणारा चाकाबरोबर रिंगाही देऊन मोकळा होतो. पण स्विफ्टच्या कॉलरभोवती ती रिंग २ मिलिमीटर सैल राहते. चाक कुठल्याही बाजूला १ मिलिमीटर सरकू शकतं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रिंग गाडीचं वजन पेलत नाही. वजन आणि ब्रेकचा जोर पेलतं ते नटांनी आवळून निर्माण केलेलं चाक आणि हबमधलं घर्षण. शिवाय टेपर, म्हणजे निमुळत्या तोंडाचे नट असतील तर ते स्वतःसुद्धा चाक मध्यावर आणतात. म्हणूनच रिंग नसलेल्या कित्येक गाड्या वर्षानुवर्षं न थरथरता धावतात. रिंगेचं काम नट आवळेपर्यंत चाक मध्यावर धरून ठेवणं एवढंच. ते धरलं नाही, चाक अर्धवट जमिनीला टेकवलं आणि हवेच्या गननं पहिला नट एकदम ठोकला, तर चाक खाली बसलेलं असतं तिथंच जखडून जातं. मग टेपरलाही ते उचलता येत नाही.

किती सरकलं तर जाणवतं? टायरसकट चाकाचं वजन साधारण १६ किलो धरा. ते मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलं तर असमतोल १६,००० ग्रॅम गुणिले ०.५, म्हणजे ८,००० होतो. तो रिमच्या काठावर, मध्यापासून १९० मिलिमीटरवर, जो वजनाचा तुकडा लावतात त्याच्या हिशेबात मोजला तर सुमारे ४२ ग्रॅम येतो. बॅलन्सिंगवाला ५ ग्रॅमच्या फरकासाठी शिसं चिकटवतो, आणि इथं ४२ ग्रॅम लपून बसलेले. वर टायर गोलाईतच १ मिलिमीटर वरखाली होतो, तो धक्का वेगळा. १८५/६५ आर१५ चा टायर एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर जातो, म्हणजे ताशी ९० ला सेकंदाला जवळजवळ १३ फेरे. हातांना जाणवणारी ती थरथर हीच.

दोष रिंगेचाच आहे हे कसं ओळखायचं

थरथर ठराविक वेगाच्या पट्ट्यातच येते का, हे आधी बघा. मोकळ्या सरळ रस्त्यावर त्या वेगाला गाडी क्षणभर न्यूट्रलला सोडून द्या. तरी थरथर राहिली तर इंजिनचा संबंध नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क बघा, रिंगेच्या मागं लागू नका. पुढच्या चाकांचा दोष स्टेअरिंगमध्ये जाणवतो, मागच्यांचा सीटखाली.

सगळ्यात बोलकी खूण वेगळीच आहे. पंक्चर काढलं किंवा चाक खोललं की थरथर बदलते, कधी कमी तर कधी जास्त. वाकलेला रिम किंवा फुगलेला टायर असा मूड बदलत नाही. चाक दर वेळी वेगळ्या जागी बसतंय, एवढाच त्याचा अर्थ.

भाच्यानं जुनी स्टीलची चाकं माळ्यावर ठेवली होती. त्यातली दोन पुढं लावून कागलला जाऊन आलो, गाडी गुळगुळीत. मग मॅगव्हील परत चढवून रिमच्या काठाला डायल गेज लावला आणि चाक हातानं फिरवलं. काटा ०.९ मिलिमीटर फिरला, म्हणजे चाक मध्यापासून पाऊण नाही तरी जवळजवळ अर्धा मिलिमीटर बाजूला. तेच चाक मशीनवर पाव मिलिमीटरच्या आत होतं.

रिंग करून घेताना होणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे नुसतं गाडीचं नाव सांगून रिंग मागणं. हब आणि चाक दोन्ही मोजा. भाच्याच्या हबची कॉलर गंज घासून काढल्यावर ५४.०५ भरली. चाकांना नंतर पावडर कोटिंग केलेलं होतं आणि त्याचा थर बोअरमध्येही चढला होता, त्यामुळं एक चाक ७२.९ आणि दुसरं ७३.१. आधी बोअरमधला रंग एमरीनं काढला, मग रिंग आतून ५४.१० आणि बाहेरून ७३.०५ ठेवली. ती हातानं दाबली की बसली पाहिजे. हातोडा लागत असेल तर ती घट्ट आहे.

दुसरी चूक जास्त धोक्याची, आणि आमच्या धंद्यातलेच लोक ती करतात. हबच्या कॉलरच्या मुळाशी काटकोन नसतो, थोडी गोलाई असते. रिंगेच्या आतल्या कडेला चॅम्फर, म्हणजे तिरका काप, दिला नाही तर रिंग त्या गोलाईवर अडकते आणि चाक हबच्या तोंडाला पूर्ण टेकत नाही. रिंग बोअरच्या खाचेपेक्षा जाड असली तरी तसंच होतं. नट आवळल्यासारखे वाटतात, पण आवळली जाते ती रिंग. शंभरेक किलोमीटरनंतर रिंग चेपते आणि नट सैल होतात. इथं प्रश्न थरथरीचा उरत नाही, चाक निघून जाण्याचा होतो. म्हणून रिंग घालून चाक नट न लावता हबवर ढकला आणि टॉर्चनं बघा. तोंडाला तोंड लागलंच पाहिजे.

प्लास्टिकची की ॲल्युमिनियमची? रोजच्या वापराला चांगल्या प्लास्टिकची चालते आणि ती गंजून चिकटत नाही. घाटात सतत ब्रेक धरला तर हब तापतो, तिथं ती मऊ पडू शकते. ॲल्युमिनियमला उष्णतेची भीती नाही, पण आपल्याकडच्या पावसात लोखंडी हबवर ती अशी धरते की गगनबावड्याच्या रस्त्यावर पंक्चर झालं तर लाथा मारूनही चाक सुटत नाही. मी भाच्याला ॲल्युमिनियमचीच दिली, कॉलरवर कॉपर ग्रीसचा पातळ हात फिरवून. हे ग्रीस हबच्या सपाट तोंडावर किंवा नट ज्यावर चढतात त्या स्टडवर लावायचं नाही.

बसवतानाही चाक जॅकवर अधांतरी ठेवून नट हातानं बसवले, समोरासमोरचे आळीपाळीनं घेतले, आणि शेवटचा जोर जमिनीवर टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमधल्या आकड्याला दिला. छोट्या गाड्यांत तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. डायलचा काटा ०.३ वर आला. बॅलन्सिंगचं एकही शिसं हलवलं नाही.

आणि मग स्पेसर

थरथर गेल्यावर भाच्याचं पुढचं मागणं आलं: "मामा, चाकं जरा बाहेर दिसायला पाहिजेत, ५ एमएमचे स्पेसर टाकूया की." त्यानं आणलेली ती गोल सपाट ॲल्युमिनियमची चकती होती, आणि तिला कुठल्याही पीसीडीला चालावीत म्हणून लांबट भोकं.

मी त्याला दोन गोष्टी मोजायला लावल्या. पहिली कॉलर. सपाट स्पेसर कॉलरच्या मुळाशी बसतो आणि तिची ५ मिलिमीटर उंची खाऊन टाकतो. रिंगेचा चॅम्फर वजा करून उरलेल्या पट्ट्यावर रिंग ३-४ मिलिमीटर तरी बसायला हवी, नाहीतर नवी रिंग हवेतच लोंबकळते आणि आपण परत कागलच्या रस्त्यावर थरथरत. दुसरी गोष्ट नटाचे आटे. मारुतीचा स्टड १२ मिलिमीटरचा, पिच १.२५. नट निदान स्टडच्या जाडीइतका, म्हणजे १२ मिलिमीटर आत गेला पाहिजे. ते झाले जवळजवळ १० पूर्ण फेरे. भाच्यानं मोजले तर स्पेसरशिवाय साडेदहा आले. ५ मिलिमीटरचा स्पेसर ४ फेरे खातो. साडेसहा फेऱ्यांवर चाक लावून पन्हाळ्याला जायचं का, असं विचारल्यावर तो गप्प बसला.

याचा अर्थ स्पेसर कधीच नको, असं नाही. ब्रेकचा कॅलिपर चाकाला आतून ओझरता घासतोय, २-३ मिलिमीटरची जागा हवी आहे, कॉलर शिल्लक राहते आणि आटेही पुरतात, तिथं नेमक्या पीसीडीचा सपाट स्पेसर मी बिनधास्त देईन. आटे कमी पडत असतील तर योग्य लांबीचे स्टड प्रेसनं बसवून घ्यावेत. जास्त अंतर हवं असेल तर २० मिलिमीटरच्या पुढचा, स्वतःचे स्टड असलेला स्पेसर घ्यावा. त्याचा आतला बोअर तुमच्या हबचा आणि बाहेरची कॉलर तुमच्या चाकाची असली पाहिजे. त्याचे आतले नटही टॉर्क रेंचनंच आवळायचे, आणि गाडीचे मूळ स्टड त्याच्या पृष्ठभागाबाहेर डोकावत नाहीत हे बघायचं. डोकावले तर चाक स्टडच्या टोकांवर टेकतं.

दोन स्पेसर एकावर एक, स्पेसरऐवजी वॉशर, किंवा स्टडला वेल्डिंग करून वाढवलेली लांबी घेऊन कुणी आलं तर मी काम घेत नाही. बसवलेला स्पेसर बरोबर असला तरी चाक बाहेर गेल्यानं बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टेअरिंगला झटका जास्त बसतो. नवीन मॅगव्हीलच घेणार असाल तर कमी ईटीचं घ्या; ईटी म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं मिलिमीटरमधलं अंतर. ईटी ४५ च्या चाकाला ५ चा स्पेसर लावण्यापेक्षा ईटी ४० चं चाक आणलं तर तितकंच बाहेर येतं, आणि आटे व कॉलर दोन्ही जिथल्या तिथं राहतात.

भाच्याच्या चकत्या माझ्या शेडमध्ये भंगाराच्या डब्यात आहेत. ७५ किलोमीटर झाल्यावर तो नट परत तपासायला आला तेव्हा एक नट पाव फेरा फिरला, बाकीचे जागचे हलले नाहीत.