एक व्हिडिओ धावला, बाकीचे जागेवरच? आलेल्या प्रेक्षकाला पुढे असं न्या

यूट्यूबवर एखादा व्हिडिओ अचानक धावायला लागला की दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणजे "आता रोज व्हिडिओ टाक" आणि दुसरा "लगेच लाइव्ह ये, सगळ्यांचे आभार मान". दोन्ही बाजूला ठेवा. जो माणूस आलाय तो तुम्हाला ओळखत नाही. त्याला एका गोष्टीत रस होता म्हणून तो आला आणि ती मिळाली की जाणार. तो जाण्याआधी त्याच्यापुढे योग्य दुसरा व्हिडिओ ठेवायचा, इतकंच आपलं काम आहे. मित्रमंडळींची चॅनेलं सांभाळताना हे बऱ्याचदा करावं लागलंय, त्यामुळे जे खरंच उपयोगी पडतं तेवढंच लिहितोय.

उदाहरणासाठी घरगुती उपकरणं दुरुस्त करायला शिकवणारं एक मराठी चॅनेल घेऊ. पंख्याचा कपॅसिटर, इस्त्रीची वायर, पाण्याची मोटर, मिक्सर, असे शंभरेक व्हिडिओ आहेत आणि बहुतेकांना जेमतेम प्रेक्षक आहेत. त्यातला "मिक्सर अचानक बंद पडला? खालचं लाल बटण बघा" हा जुना व्हिडिओ एके दिवशी उचल खातो. मिक्सरवर जास्त भार आला की ओव्हरलोडचं हे बटण आपोआप सुटतं आणि मिक्सर बंद पडतो. प्लग काढायचा, मोटर थंड होऊ द्यायची, बटण परत आत दाबायचं, की झालं. हे अनेकांना माहीत नसतं, म्हणून असा व्हिडिओ पसरतो.

पहिलं काम: कशाला हात लावू नका. शीर्षक, थंबनेल, सगळं आहे तसं राहू द्या. व्हिडिओ काढून सुधारून परत टाकायचा विचार तर मनातही नको. नव्या अपलोडला नवा पत्ता मिळतो आणि सगळं शून्यापासून सुरू होतं.

दुसरं: लोक कुठून येताहेत ते स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये 'Traffic source' खाली बघा. होम पेजवरून आणि इतर व्हिडिओंच्या शेजारून येत असतील तर ते यूट्यूबवर व्हिडिओ बघत बसलेले लोक आहेत, पुढचाही बघतील. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून येत असतील तर बहुतेक जण बघून परत ग्रुपवर जातात. त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता खरं कठीण काम: पुढचा व्हिडिओ कोणता? मी सगळ्यात जास्त अडखळलो ते इथेच, आणि बहुतेक चॅनेलं आलेली गर्दी घालवतात तीही इथेच.

सगळ्यांचा पहिला हात जातो तो एंड स्क्रीनवर, म्हणजे व्हिडिओच्या शेवटी पुढच्या व्हिडिओच्या चौकटी दिसतात तिथे, 'Most recent upload' लावण्याकडे. म्हणजे मिक्सर बघायला आलेल्या माणसाला तुम्ही काल टाकलेला पाण्याच्या मोटरचा व्हिडिओ दाखवणार. त्याच्याकडे मोटर असेलच असं नाही. दुसरी हौस म्हणजे स्वतःचा आवडता, खूप मेहनतीने केलेला व्हिडिओ लावणं. तुमची मेहनत त्याला माहीत नाही आणि त्याच्याशी त्याला देणंघेणंही नाही. तिसरी म्हणजे "आमच्या चॅनेलची ओळख". ज्याने तुमचं नाव दोन मिनिटांपूर्वी पहिल्यांदा वाचलं, तो तुमची ओळख कशाला ऐकत बसेल?

पुढचा व्हिडिओ ठरवायचा तो प्रेक्षकाच्या पुढच्या प्रश्नावरून, आणि तो प्रश्न कमेंटमध्ये लिहिलेला असतो. कमेंट नव्यापासून जुन्याकडे लावा आणि कागद घेऊन बसा. "छान माहिती दादा" सोडून द्या, फक्त प्रश्न उतरवा. आपल्या मिक्सरच्या व्हिडिओखाली साधारण तीन ढीग पडतील. "बटण दाबलं तरी चालू होत नाही", "मोटर फिरते पण पातं फिरत नाही" आणि "भांड्याखालून पाणी गळतं". पहिल्यात बऱ्याचदा कार्बन ब्रश झिजलेले असतात, दुसऱ्यात कपलर तुटलेला किंवा घासलेला असतो, तिसऱ्यात भांड्याच्या बुशचा दोष असतो. ज्या ढिगाचा व्हिडिओ तुमच्याकडे आहे आणि जो ढीग सगळ्यात मोठा आहे, तो पुढचा व्हिडिओ. आपण कार्बन ब्रशचा धरू.

पण थांबा, तो व्हिडिओ लावण्याआधी स्वतः उघडून बघा. सुरुवातीला पाऊण मिनिट लोगो, संगीत, "नमस्कार मित्रांनो, बेल आयकॉन दाबा" असलं काही असेल तर नवा माणूस तिथेच परत फिरणार. किती जण कुठवर बघत राहिले ते दाखवणारा त्या व्हिडिओचा रिटेन्शन ग्राफ पहिल्या तीस सेकंदांतच कड्यावरून पडल्यासारखा खाली येत असेल, तर सुरुवात कापून टाका. स्टुडिओतल्या एडिटरमध्ये ते जमतं. पत्ता तोच राहतो, कमेंट आणि व्ह्यूजही तसेच राहतात. प्रक्रियेला वेळ लागतो, म्हणून हे आधी करा.

योग्य व्हिडिओच नसेल तर? मग तो करा, दोन-तीन दिवसांत, साध्या मोबाइलवर का होईना. सुरुवातच "लाल बटण दाबलं, तरी मिक्सर बंदच आहे?" अशी करा. पहिल्या वाक्यातच जुन्या व्हिडिओचा धागा पकडला की बघणाऱ्याला कळतं, हे माझ्यासाठीच आहे.

व्हिडिओ ठरला की त्याच्याकडे जाणारी वाट बांधायची. एंड स्क्रीन शेवटच्या पाच ते वीस सेकंदांतच लावता येते. त्यात चार गोष्टी बसतात. तुम्ही दोनच लावा: ठरवलेला व्हिडिओ आणि सबस्क्राइबचं गोल चिन्ह. चार चौकटी दिसल्या की माणूस निवडत बसतो आणि तेवढ्यात यूट्यूब त्याला दुसरीकडे नेतं. 'Best for viewer' हा पर्याय एरवी ठीक आहे, पण आत्ता नाही. प्रश्न तुम्ही वाचलेत, निवड तुमच्याच हातात असू द्या.

यात एक अडचण हमखास येते. जुना व्हिडिओ केला तेव्हा शेवटी जागा ठेवलेली नसते, आणि चौकट नेमकी बटणावरच्या बोटावर येते. कापून नीट करू म्हणाल, तर एक लाखाच्या वर व्ह्यूज गेलेल्या व्हिडिओत अशी कापाकापी सहसा सेव्हच होत नाही. चॅनेल पार्टनर प्रोग्रॅममध्ये, म्हणजे यूट्यूबकडून जाहिरातींचे पैसे मिळणाऱ्या योजनेत, असेल तर ही आडकाठी नसते. पण मुळात धावत्या व्हिडिओत कापाकापी करायला मी कुणालाच सांगणार नाही. चौकट छोटी करा, कोपऱ्यात सरकवा, वेळ पाच-सहा सेकंदांवर आणा आणि पुढे चला.

कारण एंड स्क्रीनपर्यंत पोहोचणारे मुळात थोडेच असतात. ज्याचं काम तिसऱ्या मिनिटाला झालं तो शेवटच्या "धन्यवाद" पर्यंत थांबत नाही. त्याला गाठायचं तर दोन जागा आहेत. एक म्हणजे कार्ड: व्हिडिओत तुम्ही बटण दाबता आणि मिक्सर सुरू होतो, त्याच क्षणी वरच्या कोपऱ्यात "तरीही बंद? हे बघा" असं कार्ड यायला हवं. ज्याचा मिक्सर सुरू झालेला नाही, तो तिथेच दाबेल. दुसरी जागा पिन केलेली कमेंट, आणि ही मला सगळ्यात जास्त विश्वासाची वाटते. त्यात "माझे बाकीचे व्हिडिओही बघा" असं लिहू नका. प्रेक्षकाच्याच शब्दांत लिहा: "बटण दाबूनही मिक्सर चालू झाला नाही, तर कार्बन ब्रश झिजले असतील. प्लग काढून कसे तपासायचे ते इथे दाखवलंय." खाली लिंक. हेच वाक्य वर्णनाच्या पहिल्या ओळीत टाका, कारण "आणखी" न दाबता तेवढंच दिसतं.

लिंक देताना साधी देऊ नका, प्लेलिस्टसह द्या. मिक्सरचेच चार-पाच व्हिडिओ घेऊन एक छोटी प्लेलिस्ट करा आणि पत्ता असा लिहा:

```
https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID&list=PLAYLIST_ID
```

यामुळे कार्बन ब्रशचा व्हिडिओ प्लेलिस्टमधून उघडतो, आणि तो संपल्यावर पुढे तुमचाच कपलरचा व्हिडिओ लागतो. शंभर व्हिडिओंची "सर्व व्हिडिओ" नावाची प्लेलिस्ट यासाठी काही कामाची नाही.

कार्बन ब्रशच्या व्हिडिओलाही पुढचा दुवा द्या. हे बहुतेक जण विसरतात. तिसरा व्हिडिओ मात्र मिक्सरबाहेरचा चालेल, उदाहरणार्थ पंख्याचा कपॅसिटर. दोन दुरुस्त्या बघितलेल्या माणसाला आता मिक्सरपेक्षा तुम्ही समजावून कसं सांगता यात रस वाटायला लागलेला असतो.

चॅनेलचं मुखपृष्ठ: सबस्क्राइब न केलेल्यांना दिसणाऱ्या ट्रेलरच्या जागी हाच धावता व्हिडिओ नको, तो त्यांनी बघितलाय, कार्बन ब्रशचा लावा आणि मिक्सरची प्लेलिस्ट वर आणा.

धावलेला व्हिडिओ शॉर्ट असेल तर वरचं बरंचसं लागू पडत नाही. शॉर्टला एंड स्क्रीन नसते, आणि 31 ऑगस्ट 2023 पासून शॉर्टच्या कमेंटमधल्या आणि वर्णनातल्या लिंकवर दाबताच येत नाही. तरी लोक अजून "लिंक कमेंटमध्ये" म्हणतात! तिथे एकच वाट आहे: स्टुडिओत त्या शॉर्टच्या तपशिलात 'Related video' असतं, त्यात त्याच प्रश्नाचा लांब व्हिडिओ जोडा. फीडमध्ये बोट सरकवत बसलेल्या माणसाला लांब व्हिडिओकडे आणणं अवघड असतं, त्यामुळे आकडा लहान दिसला तर घाबरू नका. आणि पार्टनर प्रोग्रॅमच्या 4,000 तासांची वाट बघत असाल, तर शॉर्ट्स फीडमधला बघण्याचा वेळ त्यात धरला जात नाही, हे आत्ताच लक्षात घ्या.

जमलं की नाही ते कसं कळणार? सबस्क्रायबरचा आकडा बघून नाही, तो गर्दीत तसाही वाढतो. कार्बन ब्रशच्या व्हिडिओचं ॲनालिटिक्स उघडा आणि तिथला 'Traffic source' बघा. एंड स्क्रीन, कार्ड आणि प्लेलिस्ट तिथे वेगवेगळ्या दिसतात. 'Suggested videos' वर दाबलं की कोणत्या व्हिडिओवरून लोक आले याची यादी उघडते. त्या यादीत लाल बटणाचा व्हिडिओ वर सरकला असेल, तर लोक तुमच्या वाटेने येताहेत. तीन-चार दिवसांत काहीच हललं नाही, तर दुसरा ढीग घ्या, कपलरचा, आणि पिन कमेंट बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

प्रवाह ओसरल्यावरही पिन कमेंट आणि एंड स्क्रीन तशीच ठेवा, असे व्हिडिओ काही महिन्यांनी परत उचल खातात. फक्त ज्या व्हिडिओकडे वाट जाते तो चुकून खासगी करून ठेवू नका.