अखेरचा माल फिफोने मोजताना: सियागंजच्या तेलाच्या डब्यांचा एक पूर्ण हिशोब

इंदूरमध्ये आर्टिकलशिप किंवा अकाउंट्सची पहिली नोकरी सुरू करणाऱ्या मराठी मुलामुलींना मार्च संपता संपता एक काम हमखास येतं. सियागंजच्या एखाद्या किराणा घाऊक व्यापाऱ्याची वर्षभराची खरेदी बिलं पीडीएफमध्ये असतात. त्यातून माल, नग, दर काढून केलेली एक्सेल शीट हातात मिळते आणि सांगितलं जातं, "फिफोने क्लोजिंग स्टॉक काढ." पुस्तकात फिफोचं उदाहरण चार ओळींत संपतं. इथे अडचण सूत्रात येत नाही, शीटमधल्या 'नग' आणि 'दर' या दोन रकान्यांत येते. म्हणून एकच जिन्नस घेते, सोयाबीन रिफाइंड तेलाचा १५ किलोचा डबा, आणि त्याचा हिशोब शेवटपर्यंत करून दाखवते. आकडे समजावण्यासाठी बसवलेले आहेत, पण बिलं अशीच येतात.

आधी दिशा पक्की करा. फिफोत जुना माल आधी विकला गेला असं धरतो, म्हणजे ३१ मार्चला गोदामात उरलेला माल सगळ्यात अलीकडच्या खरेदीतला. त्यामुळे वर्षभराची विक्री बिलामागून बिल वजा करत बसायची गरज नाही. गोदामात मोजलेले नग घ्या आणि शेवटच्या खरेदीपासून मागे मागे चालत जा, नग पुरे होईपर्यंत. विक्री एकेक करून वजा केली तरी फिफोचं उत्तर हेच येतं.

आमच्या उदाहरणात ३१ मार्चच्या मोजणीत ३४० डबे निघाले. शीटमध्ये मार्चची चार बिलं आहेत. ६ मार्चला २०० डबे, दर २,०४० रुपये. १५ मार्चला १५० डबे, दर २,०८० रुपये. २४ मार्चला नग १,८००, दर १४२ रुपये. २९ मार्चला १०० डबे, दर २,१६० रुपये. सगळे दर जीएसटीशिवायचे, म्हणजे करपात्र रकमेचे. या व्यापाऱ्याला ५ टक्के कराचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे तो कर मालाच्या किमतीत धरायचा नाही. व्यापारी कंपोझिशनमध्ये असता तर क्रेडिट मिळालं नसतं आणि कर किमतीत आला असता. शीट बनवणाऱ्याने 'रक्कम' म्हणून बिलाची एकूण रक्कम उचलली आहे की करपात्र, हे पहिल्याच दोन-तीन बिलांवर ताडून बघा.

आता २४ मार्चची ओळ बघा. १,८०० गुणिले १४२ म्हणजे २,५५,६००. बिलावरची रक्कमही तीच. नग गुणिले दर बरोबर रक्कम ही तपासणी इथे बिनबोभाट पास होते, आणि तरीही ओळ चुकीची आहे. मिलने ते बिल किलोत फाडलंय. १,८०० किलो म्हणजे १२० डबे, आणि डब्याचा दर १४२ गुणिले १५, म्हणजे २,१३० रुपये. २९ मार्चचं बिल मोजणीत का धरायचं नाही ते पुढे येईलच. ते सोडून, ही ओळ न बदलता मागे चालत गेलात तर ३४० डबे या एकाच बिलात मावतात आणि ३४० गुणिले १४२ करून स्टॉक ४८,२८० रुपये दिसतो. खरी किंमत सात लाखांच्या आसपास आहे. म्हणून प्रत्येक जिन्नसाचे वर्षभराचे दर एका रकान्यात चढत्या क्रमाने लावून बघायची सवय ठेवा. दोन हजारांच्या रांगेत १४२ लगेच डोळ्यात खुपतो. मूळ पीडीएफमध्ये नगापुढे एकक छापलेलं असतं, पण शीटमध्ये बहुतेक वेळा तो रकानाच आणलेला नसतो. तो आणायला सांगा.

१५ मार्चच्या बिलात दुसरी गोष्ट दडलेली आहे. पीडीएफ उघडली तर १५० डब्यांच्या ओळीखाली आणखी एक ओळ दिसते: तेच तेल, १० डबे, दर शून्य. पंधरा डब्यांवर एक फ्री अशी स्कीम होती. दर आणि रक्कम रिकामी किंवा शून्य असली की माहिती काढताना ती ओळ बऱ्याचदा गळते. पण ते दहा डबे गोदामात उभे आहेत आणि मोजणीत आलेले आहेत. ३,१२,००० रुपयांत १६० डबे आले, म्हणजे पडतळ १,९५० रुपये. सूट आणि स्कीम वजा करूनच मालाची किंमत धरायची, हे लेखा मानक २ मध्येही आहे. फ्रीची ओळ शून्य दराचा वेगळा थर, म्हणजे वेगळी खरेदी, म्हणून ठेवू नका. मागे चालताना नग त्या ओळीच्या मध्येच पुरे झाले तर काही डबे फुकट आणि काही महाग असं विचित्र चित्र तयार होतं. दोन्ही ओळी मिळून एकच थर, एकच दर.

ओळ गळली आहे का हे कळायला एक चांगली सोय आहे. ई-इनव्हॉइस असलेल्या बिलाच्या क्यूआर कोडमध्ये बिलात किती ओळी आहेत ती संख्या असते. शीटमधल्या त्या बिलाच्या ओळी मोजा आणि ताडा. त्या कोडमध्ये प्रत्येक ओळीचे नग आणि दर मात्र नसतात. जीएसटीआर-२बी मध्येही नग मिळत नाहीत, तिथे बिलाची करपात्र रक्कम मिळते. तिचा उपयोग एखादं अख्खं बिलच शीटमध्ये यायचं राहिलंय का, हे शोधायला होतो.

भाड्याचं काय? ६, १५ आणि २९ मार्चचे दर पोहोच आहेत, ट्रकभाडं विकणाऱ्याकडे. २४ मार्चच्या मालाचं २,४०० रुपये भाडं व्यापाऱ्याने स्वतः दिलंय आणि ते खात्यात 'आवक भाडं' मध्ये पडलंय. ते खरेदी बिलावर नाहीच, त्यामुळे शीटमध्ये कधीच येणार नाही. बिल्टीवरून शोधून १२० डब्यांवर वाटलं तर डब्यामागे २० रुपये, म्हणजे दर २,१५०.

राहिलं २९ मार्चचं बिल. गोदामाचं आवक रजिस्टर सांगतं की हा माल २ एप्रिलला उतरला. म्हणजे ३१ मार्चच्या ३४० डब्यांत यातला एकही नाही. थर लावताना क्रम बिलाच्या तारखेने न लावता माल आल्याच्या तारखेने लावा. शीटमध्ये आवक तारीख नसते, ती रजिस्टरवरून तुम्हालाच भरावी लागते. मला विचाराल तर सबंध कामातला हा सगळ्यात मोलाचा अर्धा तास.

आता मागे चालूया. २४ मार्चचे १२० डबे, दर २,१५०: २,५८,०००. १५ मार्चचे १६० डबे, दर १,९५०: ३,१२,०००. झाले २८०. उरलेले ६० डबे ६ मार्चच्या बिलातून, दर २,०४०: १,२२,४००. एकूण ६,९२,४०० रुपये.

एक्सेलमध्ये हे आवक तारखेने नवं वर, जुनं खाली असं लावायचं, ३१ मार्चनंतर उतरलेला माल सोडून. D मध्ये दुरुस्त केलेले नग, E मध्ये निव्वळ दर, H1 मध्ये मोजलेले नग. F2 आणि G2 मध्ये ही सूत्रं घालून खाली ओढा:

```
=MAX(0,MIN(D2,$H$1-SUM(F$1:F1)))
=F2*E2
```

F1 मध्ये शीर्षक असलं तरी चालतं, SUM अक्षरं सोडून देतो. F ची बेरीज H1 एवढी आलीच पाहिजे. कमी आली तर शीटमधली सगळी खरेदी वापरूनही नग उरलेत. मग तो गेल्या वर्षीचा जुना माल आहे, किंवा एखादं बिल सुटलंय, किंवा तोच माल दुसऱ्या नावाने वेगळा पडलाय.

फ्रीची ओळ गळली असती तर १२० नंतर १५० डबे २,०८० ने आणि ७० डबे २,०४० ने लागले असते. स्टॉक ७,१२,८०० आला असता, म्हणजे २०,४०० रुपये जास्त, आणि नफाही तेवढाच फुगला असता. F ची बेरीज तेव्हाही ३४० च आली असती. म्हणून बेरीज जुळली यावर समाधान मानू नका.

२९ मार्चच्या बिलाचं एक टोक अजून मोकळं आहे. मालाची मालकी मिलच्या दारातच आपली झाली असेल आणि खरेदी मार्चमध्येच नोंदवली असेल, तर ते १०० डबे 'वाटेतला माल' म्हणून २,१६,००० रुपयांना वेगळे दाखवायचे. एकूण ९,०८,४००. मालकी पोहोचल्यावर बदलत असेल तर ती खरेदीच एप्रिलची. गडबड होते ती तिसऱ्याच प्रकारात: खरेदी मार्चची, डबे मोजणीत नाहीत, आणि तरी त्या बिलाचा थर ३४० मध्ये वरून घुसवलेला. तेव्हा स्टॉक ७,०८,००० येतो. आकडा अगदी वाजवी वाटतो, पण नफा दोन लाखांनी कमी दाखवला जातो.

६ मार्चच्या मालातले २० गळके डबे परत गेले होते. त्यांची डेबिट नोट वेगळ्या फाइलमध्ये असते, खरेदीच्या शीटमध्ये दिसत नाही. त्यामुळे तो थर खरा १८० डब्यांचा. इथे आपल्याला ६० च हवे होते म्हणून फरक पडला नाही. मोजणीत ४७० डबे असते तर पडला असता.

नावांचा घोळ मात्र शीटपुढे बसून सुटत नाही. एका मिलच्या बिलावर 'सोया रिफाइंड १५' एवढंच लिहिलेलं होतं. गोदाम सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, "काका, हे १५ किलोचे का १५ लिटरचे?" ते म्हणाले, "डब्यावर काय छापलंय ते वाच, बाळा. लिटरवाले तिकडे वेगळ्या थप्पीत आहेत." १५ लिटरच्या डब्यात तेल साधारण साडेतेरा किलोच भरतं. हे दोन वेगळे जिन्नस आहेत, त्यांचे दर वेगळे, थर वेगळे. दोन्ही एकत्र केले तर दरांच्या रांगेत काहीही खुपत नाही, कारण फरक दीड-दोनशे रुपयांचाच असतो आणि तेवढा बाजार महिन्याभरातही हलतो. थप्पीजवळ उभं राहूनच हे कळतं.

किंमत निघाल्यावर बाजारभाव बघा. ६,९२,४०० म्हणजे डब्याला सरासरी २,०३६ रुपये. विक्रीचा खर्च वजा जाता डब्याचे २,००० च हाती येणार असतील, तर या जिन्नसाचा स्टॉक ६,८०,००० ला घ्यायचा. तुलना जिन्नसवार करायची. तेलातला तोटा साखरेच्या फायद्यात मिसळू नका.

शेवटी हाच कागद टॅक्स ऑडिटला लागतो. फॉर्म ३सीडीमध्ये चौदाव्या मुद्द्यात स्टॉकची पद्धत विचारतात आणि पस्तिसाव्या मुद्द्यात मुख्य मालाचे नग: सुरुवातीचे, खरेदी, विक्री, अखेरचे, घट किंवा वाढ. तिथे खरेदीचे नग लिहिताना किलोचे डबे केलेले, फ्रीचे दहा धरलेले आणि परत गेलेले वीस वजा केलेलेच आकडे घ्या. मूळ शीटमधले घेतलेत तर २४ मार्चच्या एका बिलापायी १,६८० डब्यांची घट दिसेल आणि ते डबे कुठे गेले हे ऑडिटर तुम्हालाच विचारतील.