शून्य क्लिकचं पान लगेच उडवू नका

वेबसाइटची जुनी पानं आवरायला बसलेला नवखा माणूस बहुधा एकच आकडा बघतो: गेल्या तीन महिन्यांतले क्लिक. शून्य दिसलं की पान डिलीट. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये 16 महिन्यांचा डेटा मिळतो, तो पूर्ण घ्या. वर्षातून एकदाच शोधला जाणारा विषय असेल, तर तीन महिन्यांत तो मेलेलाच दिसणार. क्लिकच्या शेजारचे इम्प्रेशन्सही बघा, म्हणजे पान निकालांत किती वेळा दिसलं ते कळेल.

समजा, एका सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवरची दोन पानं आहेत. पहिल्याला क्लिक जवळजवळ नाहीत, पण इम्प्रेशन्स 900 आणि सरासरी स्थान 18. त्या पानापुरता फिल्टर लावून क्वेरी उघडल्या, तर लोक ‘जुन्यातला डेटा नव्या आवृत्तीत कसा न्यायचा’ हे विचारतायत, आणि पानावर त्याबद्दल एकच ओळ आहे. म्हणजे मागणी आहे, उत्तर नाही. हे पान सुधारायचं: स्थलांतराच्या पायऱ्या लिहायच्या, कालबाह्य स्क्रीनशॉट काढायचे. नुसती तारीख बदलणं म्हणजे सुधारणा नव्हे. शब्द वाढवणंही नव्हे. दोनशे शब्दांत उत्तर पूर्ण होत असेल तर ते पान उथळ नाहीच.

दुसरं पान त्याच विषयावर आहे. इम्प्रेशन्स नाहीत, पण बाहेरच्या दोन साइट्सनी त्याला लिंक दिली आहे. त्यातला कामाचा भाग पहिल्या पानात घ्या आणि जुन्या पत्त्यावरून कायमचं तिकडे वळवणारा 301 रिडायरेक्ट लावा. होमपेजवर पाठवण्याचा मोह टाळा. विषय जुळत नसेल तर गूगल अशा रिडायरेक्टला सॉफ्ट 404 धरतं, म्हणजे पान नाहीच असं समजतं. जुळणारं पानच नसेल तर सरळ 404 किंवा 410 द्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नोइंडेक्स, म्हणजे पान शोधनिकालांत दाखवू नका असं सांगणारा टॅग, फक्त अशा पानांसाठी, जी साइटवर आलेल्या वाचकाला लागतात पण शोधातून कुणी तिथे उतरण्यात अर्थ नसतो. उदाहरणार्थ, एकच लेख असलेलं टॅग-पान.

```
<meta name="robots" content="noindex">
```

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हा टॅग लावून कुणीतरी तेच पान robots.txt या क्रॉलरसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्येही अडवतं. मग क्रॉलरला पान उघडताच येत नाही, टॅग दिसत नाही, आणि पत्ता निकालांत बिनवर्णनाचा लटकत राहू शकतो. robots.txt मधला अडसर काढा, सर्च कन्सोलच्या URL Inspection मध्ये थेट चाचणी घ्या आणि नोइंडेक्स ओळखला गेलाय का ते बघा. साइटमॅपमधूनही तो पत्ता काढा.

हे सगळं एका दिवशी हजार पानांवर करू नका. एखादा विभाग घ्या, बदलांची तारीख लिहून ठेवा आणि काही आठवडे थांबा. एरवी उतार आला तर तो कुठल्या बदलामुळे, हे शोधणं अवघड होऊन बसतं.